व्हर्जन कंट्रोल का हवं, हे तांत्रिक नसलेल्या साहेबांना चिठ्ठीतून कसं सांगावं? मसुदा तपासून द्याल का?

टिपकागद

नमस्कार. आमची पाच जणांची टीम आहे. ऑर्डरचं वजन आणि अंतर यांवरून वाहतुकीचा आकार काढणारा प्रोग्रॅम आम्ही सांभाळतो. सगळ्या फाइली सर्व्हरवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये असतात. ज्याला काम करायचं असतं तो फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतो आणि काम झालं की परत फोल्डरमध्ये टाकतो. त्या फोल्डरमध्ये आज `rate_calc.py`, `rate_calc_final.py` आणि `rate_calc_final2_NEW.py` अशा तिघी सुखाने नांदत आहेत, आणि खरी कोणती हे दोघांनाच ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात याचा फटका बसला. ४ तारखेला एकाने सवलतीच्या हिशोबातली चूक दुरुस्त केली. दुसऱ्याने १ तारखेलाच तीच फाइल नव्या अहवालासाठी लॅपटॉपवर घेतली होती. १८ तारखेला त्याचं काम संपलं आणि त्याने पूर्ण फाइल फोल्डरमध्ये टाकली. ४ तारखेची दुरुस्ती त्याखाली पुसली गेली. प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता, कुठे एरर नाही, काही नाही. २७ तारखेला एका ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं.

साहेब समंजस आहेत, पण प्रोग्रॅमिंगशी त्यांचा संबंध नाही. "तुला काय हवंय ते एका पानात लिहून दे," म्हणाले. माझा मसुदा असा सुरू होतो:

> गिट ही वितरित व्हर्जन कंट्रोल प्रणाली आहे. तिच्यामुळे प्रत्येक कमिटचा इतिहास राहतो, ब्रँचवर स्वतंत्रपणे काम करता येतं आणि मर्ज करता येतं. सर्व आधुनिक टीम गिट वापरतात. आपण गिट न वापरल्यामुळे गेल्या महिन्यात महत्त्वाची फाइल गमावली व पुष्कळ वेळ वाया गेला.

पुढे असंच दीड पान आहे. मलाच वाचवत नाही. काय बदलू?

आकडेमोड

मी प्रोग्रॅमर नाही. एका विभागाचं बजेट सांभाळतो, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. तिसऱ्या वाक्याला मी थांबलो असतो. "सर्व आधुनिक टीम वापरतात" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मागणीत असतं, त्यामुळे त्याला काहीही वजन उरलेलं नाही.

"पुष्कळ वेळ" म्हणजे किती? कोणाचा? तो वेळ कशात गेला? मी नाही म्हटलं तर काय होईल? आणि हो म्हटलं तर मला नेमकं काय मंजूर करायचं आहे, पैसे की माणसांचा वेळ? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीत नाही.

आणखी एक सांगतो. हा प्रसंग दुसऱ्या सहकाऱ्याच्या निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून वाचला जाईल असं लिहू नका. तसं वाचलं गेलं तर साहेबांना सर्वात स्वस्त उपाय लगेच दिसेल, त्या माणसाला समज द्यायची आणि विषय मिटवायचा.

जुनी_वही

आकडेमोड यांच्याशी सहमत. ताई, त्या प्रसंगात गेलेले तास आधी वेगवेगळे मांडा. चूक शोधायला किती, दुरुस्ती पुन्हा लिहायला किती, मधल्या दिवसांतली बिलं तपासायला किती, ग्राहकांशी बोलायला किती. बहुतेक लोक फक्त पुन्हा लिहिण्याचा वेळ मोजतात आणि मग नुकसान क्षुल्लक वाटतं. माझ्या अनुभवात तो सर्वात लहान आकडा असतो.

टिपकागद

काल आम्ही तिघांनी बसून, आपापल्या नोंदी आणि मेल बघून आकडे काढले. अंदाज आहेत, पण ताणलेले नाहीत.

शोध घ्यायला दोघांचा प्रत्येकी दीड दिवस गेला, म्हणजे २४ तास. इतका वेळ का, तर ज्याने दुरुस्ती केली होती तो ठामपणे सांगत होता की हे मी केलेलं आहे. त्यामुळे पहिला पूर्ण दिवस आम्ही प्रोग्रॅमवर संशयच घेतला नाही, दरांचा तक्ता आणि ऑर्डरची माहिती तपासत राहिलो.

दुरुस्ती पुन्हा लिहायला ५ तास. चूक एका चिन्हाची होती. नेमकं ५० किलो वजनाच्या मालाला सवलत मिळायला हवी होती, ती ५० च्या वरच लागत होती. पण ती अट तीन ठिकाणी होती आणि तिसरं ठिकाण कोणालाच आठवेना. मेलमध्ये एक जुनी प्रत सापडली, ती ३ तारखेची निघाली, दुरुस्तीच्या आदल्या दिवसाची.

मधल्या ९ दिवसांत ३४० बिलं गेली होती. एकेक हाताने तपासलं, बिलामागे ३ मिनिटं धरा, १७ तास. त्यात ६१ चुकीची निघाली. सुधारित बिल, मेल आणि फोन मिळून प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे साधारण २० तास.

एकूण ६६ तास. त्यातले पुन्हा लिहिण्याचे फक्त ५. हे मांडेपर्यंत मलाही अंदाज नव्हता.

पायवाट

एवढ्यासाठी गिट कशाला? फोल्डर गूगल ड्राइव्हवर किंवा तसल्याच एखाद्या सेवेवर ठेवा. फाइलवर राइट क्लिक केलं की जुन्या आवृत्त्या दिसतात. कोणाला काही शिकवायला नको. आम्ही अनेक वर्षं असंच करतो, काही अडलं नाही.

जुनी_वही

पायवाट, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि ते चिठ्ठीत यायला हवं, कारण साहेबही हेच विचारतील.

ड्राइव्हवर ठेवलेल्या अशा फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात, 'कायम ठेवा' असं मुद्दाम सांगितलं तर त्या पुढेही राहतात. ताईंची चूक ९ दिवसांत सापडली. म्हणजे ४ तारखेची फाइल तिथे मिळाली असती आणि पुन्हा लिहिण्याचे ५ तास बहुतेक वाचले असते.

पण उरलेले ६१ तास तसेच राहिले असते. १८ तारखेला फाइल वर टाकली जात असताना ड्राइव्हने कोणालाही अडवलं नसतं. त्याच्या दृष्टीने नवी फाइल आली, जुनी मागे गेली, एवढंच. आणि २७ तारखेला १०-१५ जुन्या आवृत्त्या समोर दिसल्या असत्या तरी कोणत्या आवृत्तीत नेमक्या कोणत्या ओळी का बदलल्या, हे एकेक उघडून बघावं लागलं असतं. प्रोग्रॅम पाच-सहा फाइलींचा असेल तर आणखी पंचाईत होते. १० तारखेला चालू असलेला पूर्ण प्रोग्रॅम हवा असेल तर प्रत्येक फाइलची त्या दिवशीची आवृत्ती हाताने जुळवत बसावी लागते.

गिटमध्ये सहकाऱ्याने १८ तारखेला आपलं काम वर पाठवायचा प्रयत्न केला असता तर त्याला हे दिसलं असतं:

```
! [rejected]        main -> main (fetch first)
error: failed to push some refs
```

याचा अर्थ इतकाच की दरम्यान दुसऱ्या कोणीतरी काम ठेवलं आहे, ते आधी घ्या आणि मग तुमचं द्या. ते घेतल्यावर दोघांनी वेगळ्या ओळींना हात लावलेला असेल तर दोन्ही बदल आपोआप एकत्र होतात. एकाच ओळीला लावलेला असेल तर गिट थांबतं आणि कोणतं ठेवायचं ते माणसाला विचारतं. त्या दिवशी ४ तारखेची दुरुस्ती गुपचूप पुसली गेली नसती.

साहेबांना हा एररचा मजकूर दाखवू नका. "दुसऱ्याचं काम न बघता त्यावर आपलं काम ठेवता येत नाही" हे एक वाक्य पुरे.

वाटसरू

चिठ्ठीत एखादं मोठं उदाहरण घाला, परिणाम होतो. २०१७ मध्ये खुद्द गिटलॅबचा, म्हणजे गिटची सेवा देणाऱ्या कंपनीचाच सगळा कोड उडाला होता. तेही बॅकअप नसल्यामुळे.

जुनी_वही

वाटसरू, प्रसंग खरा आहे, तपशील वेगळा आहे. तो तपशीलच इथे महत्त्वाचा.

३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच्या डेटाबेसचं फोल्डर काढून टाकलं. सुमारे ३०० जीबी माहिती होती. गेली ती डेटाबेसमधली माहिती, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, प्रतिसाद, नवी खाती वगैरे. लोकांचे गिटमधले कोड सुरक्षित राहिले, ते वेगळीकडे होते.

आणि बॅकअप नव्हता असंही नाही. बॅकअप घ्यायच्या बऱ्याच तऱ्हा मांडून ठेवलेल्या होत्या. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळणाऱ्या साधनामुळे बरेच दिवस अपयशी होत होता आणि तसं कळवणाऱ्या मेल नाकारल्या जात होत्या, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. शेवटी एका कर्मचाऱ्याने चाचणीच्या कामासाठी सुमारे ६ तास आधी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या ६ तासांची माहिती कायमची गेली. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे मांडलं.

ताई, तुमच्या चिठ्ठीत हे उदाहरण घालू नका असं माझं मत आहे. साहेब म्हणतील, त्या कंपनीचा आपल्याशी काय संबंध. पण यातली एक गोष्ट मात्र लिहा. व्हर्जन कंट्रोल आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिट लॅपटॉपवरच ठेवलं आणि लॅपटॉपची डिस्क गेली तर इतिहासही तिच्याबरोबर जातो. काम रोज दुसऱ्या मशीनवर पाठवायला हवं, आणि त्या मशीनचा बॅकअप घेऊन तो महिन्यातून एकदा उघडून बघायला हवा.

रेघोटी

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते. मी डिझाइन करते. गेल्या आठवड्यात माझी बाहेरची हार्ड डिस्क पडली, आता संगणक ती ओळखत नाही. त्यात दोन वर्षांच्या फाइली आहेत, एकेक ३००-४०० एमबीची. गिट टाकलं तर त्या परत मिळतील का? खूप काळजीत आहे.

जुनी_वही

रेघोटी, नाही. आधी ठेवलेलं नसेल ते गिट परत आणू शकत नाही. डिस्क पुन्हा पुन्हा जोडून बघू नका. पडलेल्या डिस्कला वीज मिळाली की आतली इजा वाढू शकते. तिच्यावर कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नका, थेट डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडे द्या आणि डिस्क पडली होती हे त्यांना आधी सांगा.

पुढच्यासाठी म्हणाल तर तुमच्या कामाला गिट जसंच्या तसं सोयीचं नाही. अशा फाइलीत कोणती ओळ बदलली हे ते दाखवू शकत नाही, आणि प्रत्येक आवृत्तीमुळे साठा फुगत जातो. गिट एलएफएस नावाची सोय आहे, ती मोठ्या फाइली वेगळ्या ठेवते. पण एकट्या माणसाने काम करताना आपोआप चालणारे दोन वेगवेगळ्या ठिकाणचे बॅकअप आधी हवेत. बाकीचं नंतर.

रेघोटी

धन्यवाद. तीन वेळा जोडून बघितली होती. आता बाजूला ठेवली.

आकडेमोड

आता माझी शंका. ६६ तासांचा आकडा चांगला आहे, पण असा प्रसंग किती वेळा येतो? समजा वर्षातून एकदा. मग उलट बाजू बघा. पाच जणांना शिकायला प्रत्येकी ८ तास दिले तर ४० तास. पुढे प्रत्येकाची रोज १० मिनिटं या कामात गेली तर पाच जणांची ५० मिनिटं, महिन्याच्या २० दिवसांत जवळजवळ १७ तास, वर्षाचे २०० तास. वर्षातले ६६ तास वाचवायला मी २०० तास का देऊ? तुमचे साहेब हा हिशोब कागदावर करणार नाहीत, पण मनात नक्की करतील.

टिपकागद

याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन दिवस विचार करतेय. नुसत्या दुर्घटनेच्या जोरावर मागणी टिकत नाही, हे मला पटलं.

जुनी_वही

आकडेमोड यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. उत्तर असं की ती रोजची १० मिनिटं नव्याने वाढत नाहीत. तुम्ही आजही आवृत्त्या सांभाळताच, फक्त हाताने. फाइलीला नवं नाव देणं, "कोणी उघडली आहे का" असं विचारणं, मेलने प्रत पाठवणं, दोन प्रती शेजारी उघडून फरक शोधणं, दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबून राहणं. हा वेळ कोणी मोजत नाही म्हणून तो शून्य वाटतो.

ताई, एक आठवडा मोजा. पाचही जणांनी कागदावर नोंदायचं, कधी, कशासाठी, किती मिनिटं. मोजण्याआधी आकडा ठरवू नका. कमी आला तर तेही प्रामाणिकपणे लिहा.

पायवाट

एका आठवड्यावरून काय कळणार? तो आठवडा जास्त कामाचा असू शकतो. आणि मोजतोय म्हटल्यावर लोक जास्तच लिहितात.

टिपकागद

पायवाट, शंका रास्त आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की ५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर लिहूच नका. आठवडा संपला. पाच जणांचे मिळून ५ तास ४० मिनिटं. सर्वात मोठा भाग थांबण्याचा आणि विचारण्याचा होता, त्याखालोखाल दोन प्रतींतला फरक शोधण्याचा. महिन्याला धरले तर साडेबावीस तासांच्या आसपास.

म्हणजे आजच्या पद्धतीत महिन्याला २२ आणि गिटमध्ये १७. फरक पाचच तासांचा, फार मोठा नाही. पण "२०० तास जास्तीचे लागतील" हे खरं नाही, एवढं आता मी आकड्यानिशी सांगू शकते.

आकडेमोड

हे मला आवडलं. "प्रचंड बचत" म्हणण्यापेक्षा "रोजचा खर्च आज आहे तेवढाच, किंचित कमी, आणि वर ६६ तासांचा धोका जवळजवळ जातो" हे म्हणणं मला जास्त विश्वासार्ह वाटेल.

जुनी_वही

"जवळजवळ" हा शब्द राहू द्या, तो काढू नका. कारण ताई, तुमचा प्रसंग गिट घेतल्यावरही जसाच्या तसा घडू शकतो. ते कसं, हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं.

समजा सहकाऱ्याने सवयीने १ तारखेची फाइल डेस्कटॉपवर वेगळी ठेवली आणि तिच्यावर काम केलं. १८ तारखेला गिटच्या फोल्डरमध्ये ताजी फाइल होती, तिच्यावर त्याने डेस्कटॉपवरची टाकली. आता गिटला असं वाटणार की या माणसाने ४ तारखेची दुरुस्ती समजून-उमजून काढली. ते अडवणार नाही. जुन्या सवयी घेऊन गिट वापरणाऱ्या टीममध्ये मी हे अनेकदा पाहिलं आहे.

फरक एवढाच की ते लपत नाही. कमिट करण्याआधी, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदवण्याआधी, `git diff` केलं तर आपण न केलेला बदल समोर दिसतो:

```
-    if weight >= 50:
+    if weight > 50:
```

अहवालाचं काम करणाऱ्याला सवलतीची ओळ दिसली की तो थबकतो. आणि तो थबकला नाही, तरी २७ तारखेला शोध असा घेता येतो:

```
git log -p -- rate_calc.py
```

या फाइलचा प्रत्येक बदल, तारीख आणि करणाऱ्याच्या नावासह, नवा सर्वात वर. तुमचे २४ तास इथे अर्ध्या तासावर आले असते. `git revert` ने अख्खा कमिट उलटवू नका, त्याने सहकाऱ्याचं अहवालाचं कामही जाईल. पुसलेल्या ओळी तेवढ्या परत लिहायच्या. तिन्ही ठिकाणं तिथेच दिसतात.

बिलांचंही बघा. चुकीची फाइल नेमकी कधी वर आली हे कळलं की तपास तिथून सुरू करता येतो. शिवाय दोन आवृत्त्या हातात असल्या की ३४० ऑर्डर दोन्हींतून चालवून ज्यांचा आकार वेगळा येतो तेवढ्याच बाजूला काढता येतात. हाताने तपासण्याचे १७ तास बहुधा एक-दोन तासांवर येतील. ६१ ग्राहकांशी बोलण्याचे २० तास मात्र वाचणार नाहीत, बिल एकदा गेलं की गेलं.

आणि जे काम कमिटच केलेलं नाही त्याला गिट जबाबदार नाही. दिवसभर काम करून संध्याकाळी चुकून `git reset --hard` मारलं तर तो दिवस गेला. एकदा कमिट केलेलं काम मात्र चुकून काढलं तरी साधारण ३० दिवस तरी `git reflog` मधून परत मिळवता येतं. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा कमिट आणि घरी जाण्याआधी पुश, म्हणजे काम सर्व्हरवर पाठवणं. हा नियम साहेबांसाठी नाही, टीमसाठी आहे.

टिपकागद

सगळ्यांच्या मदतीने लिहिलेली चिठ्ठी ही अशी. काल दिली.

> साहेब,
>
> गेल्या महिन्यात सवलतीची एक दुरुस्ती नकळत पुसली गेली. यात कोणा एकाची चूक नाही. आपल्या सामायिक फोल्डरमध्ये शेवटी ठेवलेली फाइल आधीच्या फाइलीची जागा घेते आणि तसं झाल्याचं कोणालाही कळत नाही. उद्या माझ्याकडूनही हे होऊ शकतं.
>
> हे लक्षात यायला ९ दिवस लागले आणि निस्तरायला ६६ तास. त्यातले ५ तास दुरुस्ती पुन्हा करण्यात गेले. उरलेले ६१ तास काय बिघडलं ते शोधण्यात, गेलेली ३४० बिलं तपासण्यात आणि ६१ ग्राहकांना सुधारित बिल देण्यात गेले.
>
> आम्ही सुचवत असलेली पद्धत प्रत्येक बदलाची तारीख, करणारा आणि कारण नोंदवते. नेहमीच्या वापरात दुसऱ्याचं काम न बघता त्यावर आपलं काम ठेवता येत नाही. त्यातूनही चूक झालीच तर ती केव्हा आणि कुठे झाली हे अर्ध्या-एक तासात सापडावं. असाच प्रसंग पुन्हा घडला तर आमच्या अंदाजाने ६६ ऐवजी २० ते २५ तास जातील, कारण ग्राहकांशी बोलावं लागेलच. चूक लवकर सापडली तर त्याहून कमी.
>
> खर्च: सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. शिकण्यासाठी प्रत्येकी ८ तास, म्हणजे ४० तास, दोन आठवड्यांत विभागून हवेत. त्या दोन आठवड्यांत नवीन काम मंदावेल. पुढे महिन्याला सुमारे १७ तास लागतील. आज प्रती सांभाळण्यात व थांबून राहण्यात आमचे सुमारे २२ तास जातात. हा आकडा एका आठवड्याच्या मोजणीवरून काढलेला आहे.
>
> या पद्धतीने बॅकअपचा प्रश्न सुटत नाही. सर्व्हरचा बॅकअप वेगळा लागेल आणि तो महिन्यातून एकदा उघडून तपासावा लागेल.
>
> आपल्याकडून दोन गोष्टींना मंजुरी हवी आहे: ते ४० तास आणि दर महिन्याच्या तपासणीसाठी एका माणसाचे २ तास.

वाटसरू

वाचून मलाही आमच्याकडे अशीच द्यावीशी वाटली. साहेब काय म्हणाले?

टिपकागद

दोन प्रश्न विचारले. पहिला, "हे सगळं तुलाच येतं, तू गेलीस तर?" मी सांगितलं की रोजच्या कामाला चार-पाच आज्ञा लागतात, त्या पाचही जण शिकतील, आणि अडचणीचं काम मी व आणखी एक जण असे दोघं शिकू. त्यांनी ते चिठ्ठीच्या कडेला लिहून घेतलं.

दुसऱ्या प्रश्नावर मी अडकले. "दरांचा एक्सेल तक्ता यात येतो का?" तो तक्ता हिशोब विभागातले तिघे बदलतात आणि तोसुद्धा दोनदा असाच उलटसुलट झाला आहे.

जुनी_वही

एक्सेल फाइल गिटमध्ये ठेवता येते, पण दोघांचे बदल गिट एकत्र करू शकत नाही आणि काय बदललं तेही वाचता येईल असं दाखवत नाही. माझा सल्ला, दर CSV मध्ये ठेवा. ती साधी ओळींची फाइल असते, एकेक दर कधी बदलला ते स्वच्छ दिसेल.

आकडेमोड

हिशोब विभागातला माणूस म्हणून सांगतो, हे चालणार नाही. त्या तक्त्यात सूत्रं असतात, रंग असतात, बाजूला शेरे असतात. CSV केली की ते सगळं जातं. तुमच्या सोयीसाठी आमचं काम अवघड होईल. सबव्हर्जन नावाच्या गिटसारख्याच दुसऱ्या प्रणालीत फाइलीला कुलूप लावता येतं असं आमच्या संगणक विभागाकडून ऐकलं होतं. एकाने घेतली की दुसऱ्याला बदलता येत नाही. तसं काही?

जुनी_वही

हो, `svn lock` आहे, गिट एलएफएसमध्येही कुलपाची सोय आहे. पण कुलूप लावून माणूस रजेवर गेला की सगळे खोळंबतात. ते जबरदस्तीने काढता येतं, पण तेव्हा पुन्हा पुसलं जाण्याचा धोका आलाच. सूत्रं एक्सेलमध्येच ठेवून फक्त अंतिम दर रोज CSV मध्ये बाहेर काढायचे, हा मधला मार्ग मी एका ठिकाणी पाहिला आहे. तिथे महिनाभर ठीक चालला, मग लोक बाहेर काढायला विसरू लागले.

पायवाट

त्या एका तक्त्यासाठी तरी ड्राइव्हच बरा ना? तिघंही एकाच वेळी एकाच फाइलीत काम करतील, प्रतीच होणार नाहीत.

जुनी_वही

या तक्त्यापुरतं, पायवाट, मला तुमचं म्हणणं नाकारता येत नाही. फक्त प्रोग्रॅम कोणत्या दिवशी कोणते दर वाचत होता याची नोंद कुठेतरी वेगळी राहायला हवी.

टिपकागद

४० तास मंजूर झाले. बॅकअपच्या तपासणीचं "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले. तक्ता सध्या आहे तिथेच आहे. सोमवारी हिशोब विभागातल्या तिघांबरोबर बसतेय, काय ठरतं ते इथे लिहीन. तोपर्यंत प्रोग्रॅमने दर वाचल्यावर त्या तक्त्याची तारखेसह एक प्रत आपोआप बाजूला ठेवायची, एवढं आज करून टाकलं.